जपानी अ‍ॅपमधून ईसिम नव्या फोनवर न्यायचंय, कुठलं बटण दाबू?

मृद्गंध | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही तीन वर्षं योकोहामाला आहोत. दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा भावाने नवा आयफोन घेऊन दिला. माझा जपानी नंबर ईसिमवर आहे आणि ते ईसिम जुन्या आयफोनमध्ये आहे, तो इथेच घेतलेला. आता ते नव्या फोनमध्ये न्यायचंय.

सिमची कंपनी छोटी आहे, मोठ्या कंपनीचं नेटवर्क घेऊन स्वस्तात देणारी. दुकान नाही, फोनवर इंग्रजी बोलणारं कुणी नाही, सगळा कारभार अ‍ॅपमधून आणि अ‍ॅप फक्त जपानीत. नवा फोन जुन्याच्या शेजारी ठेवून ईसिम थेट हलवायचा पर्याय करून पाहिला. तुमच्या कंपनीत ही सोय नाही, असं उत्तर आलं.

माझं जपानी भाजीवाला, डॉक्टर, स्टेशन एवढ्यापुरतं आहे. करारातली भाषा डोक्यावरून जाते. अ‍ॅपमध्ये ईसिमच्या पानावर तीन बटणं दिसतात: 再発行, 機種変更 आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत 解約. भाषांतराच्या अ‍ॅपला दाखवलं तर ते अनुक्रमे 'पुन्हा जारी करा', 'मॉडेल बदल' आणि 'रद्द करा' म्हणतं. हे 'रद्द करा' म्हणजे पान बंद करा की माझा नंबर बंद करा?

दुसरी अडचण अशी की पुढे क्यूआर कोड येणार तो याच फोनच्या पडद्यावर. तो नव्या फोनने वाचला तर चालतो ना? आणि मध्येच काही बिघडलं तर नंबर जातो का? मुलीच्या पाळणाघराचा फोन, बँक, नवऱ्याच्या ऑफिसचा विमा, सगळं या एका नंबरला बांधलेलं आहे. म्हणून हात लावायच्या आधी विचारतेय.

---

बंड्या_सांगली | रात्री ९:५२

कोड आला की नव्या फोनशिवाय दुसऱ्या कशानेही स्कॅन करू नका. एकदा कॅमेऱ्याने वाचला की तो जळतो, परत चालत नाही. मित्राचं असंच झालं होतं.

---

निहोंगो_बाई | रात्री १०:१५

मृद्गंध, आधी त्या लाल बटणापासून बोट लांब ठेव. 解約, काइयाकु, म्हणजे करार मोडणे. नंबर परत करून टाकणे. पान बंद करायचं बटण असतं ते कॅन्सेल, म्हणजे पडद्यावर キャンセル असं काताकानात लिहिलेलं, किंवा 戻る, मागे जा. मराठीत दोन्हीला आपण 'रद्द' म्हणतो म्हणून भाषांतर असं फसवं येतं. मी पुण्यात जपानी शिकवते आणि वर्गात ही जोडी मुद्दाम घेते, कारण जिमपासून घरभाड्यापर्यंत सगळीकडे 解約 भेटतो.

再発行, साइहाक्को, म्हणजे नव्याने काढून देणे. रेशनकार्ड हरवल्यावर दुय्यम प्रत काढतो ना, तसं. पण दुय्यम प्रत निघाली की पहिली बाद होते, हे त्या शब्दात दिसत नाही. 'कोड पुन्हा पाठवा' असा त्याचा अर्थ अजिबात नाही. त्यासाठी 再送, साइसो, असा वेगळा शब्द आहे.

機種変更, किश्यू हेन्को, म्हणजे हँडसेट बदलणे. ऐकायला हेच तुझं काम वाटेल, पण काही कंपन्यांत हे बटण त्यांच्याकडचा नवा फोन विकत घ्यायच्या पानावर नेतं. दाबून बघायला हरकत नाही, फक्त 申し込む, म्हणजे 'अर्ज करा', तिथे थांब.

---

दादरकर_आजोबा | रात्री १०:३३

माझाही हाच प्रश्न आहे. मुलीकडे सिंगापूरला तीन महिने जायचं आहे. पेन्शनच्या बँकेचा ओटीपी इथल्या नंबरवर येतो. सिमचं ईसिम करून घ्यावं म्हणतात. तिकडे गेल्यावर केलं तर चालेल काय? कोणत्या अ‍ॅपमध्ये स्कॅन करायचं?

---

तारायंत्र | रात्री ११:२०

ज्या सर्व्हरवरून फोनमध्ये ईसिम उतरतं, त्या सर्व्हरवर मी बरीच वर्षं काम केलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंड्याभाऊ, कॅमेऱ्याने वाचल्याने कोड जळत नाही. त्या काळ्या चौकोनात सिम नसतंच. एक साधी ओळ असते, साधारण अशी:

```
LPA:1$smdp.example.com$ABCD-1234-EFGH
```

मधला भाग सर्व्हरचा पत्ता, शेवटचा भाग तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या सिमची पावती. एखाद्या साध्या स्कॅनरने वाचला तर ही ओळ नुसती पडद्यावर दिसेल. पावती वाचली म्हणून सामान उचललं जात नाही. फोन त्या पत्त्यावर जाऊन 'या पावतीवरचं द्या' म्हणतो, सिम फोनमधल्या चिपवर उतरतं, आणि तेव्हा सर्व्हर ती पावती वापरली गेल्याची नोंद करतो. तुमच्या मित्राने बहुधा दुसऱ्या आयफोनच्या कॅमेऱ्याने बघितलं असेल, त्याने लगेच 'ईसिम जोडू का' विचारलं असेल आणि हो म्हटलं गेलं असेल. मग सिम त्या फोनमध्ये गेलं. म्हणून तुमचा सल्ला पाळायला हरकत नाही, कारण मात्र वेगळं आहे. आणि तो कोड कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. ज्याचा फोन आधी पोचेल त्याच्याकडे तुमचा नंबर जाईल.

मृद्गंध, जुन्या फोनच्या पडद्यावरचा कोड नव्या फोनने वाचला तर काहीच अडचण नाही. खरी अडचण एकच फोन असलेल्याला येते, स्वतःचा पडदा स्वतःच्या कॅमेऱ्यासमोर कसा धरणार? त्यासाठी आयओएस १७.४ पासून मेलमधल्या किंवा वेबपानावरच्या कोडवर बोट दाबून धरलं की 'ईसिम जोडा' असा पर्याय येतो. तेही नसेल तर हाताने भरायचं. जपानी पानावर कोडच्या खाली SM-DP+アドレス आणि アクティベーションコード असे दोन रकाने दिलेले असतात. पहिला पत्ता, दुसरी पावती.

स्कॅन हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. माणसं अडकतात ती त्याच्या आधी. 再発行 दाबलं की जुनं सिम कधी मरतं, हे कंपनीवर आहे. काहींत अर्ज मंजूर झाल्याक्षणी, काहींत नवं उतरल्यावर. तुझ्या कंपनीत ते त्याच क्षणी मरतं असं धरून चाल. म्हणजे त्या नंबरवर एसएमएस लागेल असं प्रत्येक काम बटण दाबायच्या आधी उरकायला हवं. अ‍ॅपचं लॉगिन त्यात पहिलं.

आणि जुन्या फोनमधलं ईसिम हाताने पुसू नकोस. 削除, साकुज्यो, दिसलं तरी नाही. नवीन फोनवर दोन-तीन दिवस सुरळीत चाललं की मग पूस. पुसल्याने करारही संपत नाही. बिल चालूच राहतं, फक्त नंबर कुठल्याच फोनवर नसतो.

---

निशिकासाईकर | रात्री ११:४८

तारायंत्र म्हणतात ते माझ्या अंगावर आलेलं आहे. दीड वर्षापूर्वी माझ्या फोनचं नेटवर्क अधूनमधून जायचं. अ‍ॅपमध्ये 再発行 दिसलं, मला वाटलं सिग्नल ताजा करून देतील. ऑफिसमधून घरी येताना तोझाई लाईनमध्ये उभ्याउभ्या दाबलं. पुढच्या स्टेशनाला फोनवर 圏外, म्हणजे रेंज नाही. कोड मेलवर आलेला होता, पण मेल उघडायला इंटरनेट नाही.

घरी वायफायवर आलो तर अ‍ॅपने मला बाहेर काढलेलं. परत लॉगिन करायला एसएमएसवर सहा आकडे पाठवतो म्हणालं, कुठे? त्याच मेलेल्या नंबरवर. मेलमध्ये कोडचं चित्र नव्हतं, 'माय पेजवर जाऊन कोड बघा' एवढीच लिंक होती. शनिवार-रविवार तसाच गेला. सोमवारी बायकोच्या फोनवरून कंपनीला फोन केला, जन्मतारीख, पत्ता, चार आकडी 暗証番号 सांगितला, तेव्हा त्यांनी लॉगिनचा कोड मेलवर वळवून दिला.

तो 暗証番号, आनश्यो बांगो, करार करताना आपणच ठरवलेला असतो. ताई, तो आठवतोय का ते आज रात्रीच बघा.

---

मीनल_नागोया | शनिवार, सकाळी ७:०५

मी हाताने भरणाऱ्यांतली. माझा कोड लॅपटॉपवर नीट दिसायचा, पण फोन वाचायचाच नाही. पडदा चकाकत होता की काय कोण जाणे. म्हणून पत्ता आणि पावती टाइप केली. चार वेळा चुकीचं म्हणून परत आलं. शून्य आणि ओ तपासले, एक आणि आय तपासले, सगळं बरोबर.

शेवटी नवऱ्याच्या जपानी सहकाऱ्याने पाहिलं आणि लगेच म्हणाला, कीबोर्ड जपानी आहे. जपानी कीबोर्डवर आकडे आणि इंग्रजी अक्षरं दोन रुंदीत येतात, रुंद म्हणजे 全角 आणि अरुंद म्हणजे 半角. १ हा आकडा रुंद आला तर डोळ्याला जरा ऐसपैस दिसतो, पण फोनच्या लेखी ते वेगळंच अक्षर असतं. कीबोर्ड इंग्रजीवर नेला आणि पहिल्या झटक्यात झालं. टाइप करूच नका, बोट दाबून कॉपी करा आणि चिकटवा.

याच्या बरोबर उलट नावाच्या रकान्यात. तिथे रुंद काताकानाच लागतं, इंग्रजी कीबोर्डने नाव भरलं की लाल अक्षरांत ओरडतं.

---

वैदेही_श्टुटगार्ट | सकाळी ७:३०

इकडे जर्मनीत २०१७ पासून प्रीपेडलासुद्धा ओळखपत्र दाखवल्याशिवाय सिम चालू होत नाही. मी पहिल्यांदा ईसिम घेतलं तेव्हा अ‍ॅपमधला कोड स्कॅन झाला, ईसिम उतरलं, पण सिग्नल येईना. दोन दिवस मी कोडलाच दोष देत होते. मेल नीट वाचल्यावर कळलं, की व्हिडिओवर पासपोर्ट दाखवायचं राहिलं होतं आणि Freischaltung त्यानंतर होते. म्हणजे सिम फोनमध्ये उतरणं एक आणि कंपनीने त्यात जीव घालणं दुसरं. मृद्गंध, जपानीत या दुसऱ्याला काय म्हणतात?

---

निहोंगो_बाई | सकाळी ७:४४

開通, काइत्सू. रस्ता किंवा बोगदा वाहतुकीला खुला करतात त्यालाही हाच शब्द. भाषांतराचं अ‍ॅप त्याला 'उघडणे' म्हणतं आणि लोक काय उघडायचं ते शोधत बसतात. 開通手続き दिसलं की समजावं, नंबर खुला करायची पायरी अजून बाकी आहे.

---

तारायंत्र | सकाळी ८:१०

वैदेही, अगदी बरोबर पकडलंत. सिग्नल नाही म्हणजे कोड बिघडला, असं होत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल सेवेखाली नवं ईसिम यादीत दिसतंय का, ते आधी बघायचं. दिसत असेल तर कोडचं काम झालं, आता कितीही वेळा स्कॅन केलं तरी उपयोग नाही. यादीत आहे पण दांड्या नाहीत, तर 開通 राहिलंय. दांड्या आहेत, फोन लागतो, पण इंटरनेट नाही, तर APN, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटला जोडायची सेटिंग, राहिलंय. मृद्गंधची कंपनी छोटी आहे म्हणजे आयफोनवर ही तिसरी पायरी बहुतेक लागणारच. त्यांच्या साइटवरून 構成プロファイル नावाची छोटी फाइल वायफायवर उतरवून सेटिंगमध्ये जाऊन बसवायची असते. दुसऱ्या कंपनीची जुनी तशी फाइल फोनमध्ये असेल तर आधी ती काढायची, दोन एकत्र नांदत नाहीत.

आजोबा, तुमचा विषय वेगळा आहे. मृद्गंधला जपानी कंपनीचं ईसिम एका फोनवरून दुसऱ्यावर न्यायचंय, तुम्हाला इथल्या साध्या सिमचं ईसिम करायचंय. ते निघायच्या निदान आठवडाभर आधी इथेच करा. अर्ज तुमच्या नंबरवरून एसएमएसने होतो, खात्री करणारा निरोपही त्याच नंबरवर येतो. आणि भारतात सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, कुणी चोरून सिम बदललं तर बँकेचा ओटीपी त्याच्या हाती लागू नये म्हणून. विमानात बसायच्या आदल्या दिवशी केलंत तर ऐन वेळी ओटीपी येणार नाही.

---

दादरकर_आजोबा | सकाळी ८:३८

फार आभार. पण सिम तसंच ठेवून गेलो आणि रोमिंग चालू ठेवलं तर ओटीपी येईल की नाही? मग ईसिम हवंच कशाला?

---

निशिकासाईकर | सकाळी ८:५०

आजोबा, येईल. माझा पुण्याचा नंबर असाच चालू आहे, परदेशात आलेल्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. फक्त रिचार्ज संपू देऊ नका आणि डेटा रोमिंग बंद ठेवा. तुमच्या फोनमध्ये दोन सिमची जागा असेल तर सिंगापूरचं सिम दुसऱ्या खणात घाला, ईसिमच्या वाटेला जायची गरजच नाही.

---

बंड्या_सांगली | सकाळी ९:१५

तारायंत्र, मित्राला विचारलं. त्याने बायकोच्या आयफोनने बघितलं होतं आणि तिने 'कंटिन्यू' दाबलं होतं. तुम्ही म्हणता तसंच. पण मग सिम तिच्या फोनमधून काढून परत याच कोडने याच्या फोनमध्ये का टाकता आलं नाही? पावती तर होतीच.

---

तारायंत्र | सकाळी ९:३२

कारण ती पावती एकदाच चालते. तिच्या फोनमधून पुसलं तरी सर्व्हरवरची 'दिलं' ही नोंद पुसली जात नाही. शिवाय काही कंपन्या अर्जातच EID मागतात. चिपचा ३२ आकडी नंबर. तो भरला की पावती त्या चिपपुरतीच राहते, दुसऱ्या फोनने स्कॅन केलं तर सर्व्हर सरळ नाही म्हणतो. मला विचाराल तर हीच पद्धत सुरक्षित.

---

रानवारा_डिचोली | सकाळी ९:५०

माझं सिम उतरता उतरता ऐंशी टक्क्यांवर वायफाय गेलं. परत स्कॅन केलं तर कोड वैध नाही. तेव्हा पूर्ण उतरलं तरच पावती वापरली जाते, हे मला पटत नाही.

---

तारायंत्र | सकाळी १०:०५

रानवारा, शक्य आहे. सर्व्हरच्या लेखी 'पाठवलं' आणि 'फोनने बसवलं म्हणून कळवलं' या दोन वेगळ्या नोंदी असतात. वायफाय यांच्या मधोमध गेलं तर त्याच फोनला परत प्रयत्न करू द्यायचा की नाही, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. मी ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्यातल्या काही देत, काही देत नसत. म्हणूनच हे घरच्या वायफायवर करावं, स्टेशनच्या फुकट वायफायवर नको.

---

मृद्गंध | दुपारी १:२०

मंडळी, झालं! तुम्ही सगळ्यांनी रात्रीतून एवढं लिहिलंत म्हणून आज सकाळीच बसले. जसं घडलं तसं सांगते.

आधी 機種変更 दाबून पाहिलं. निहोंगो_बाई म्हणाल्या तेच, फोन विकायचं पान उघडलं. मागे आले. मग जुन्या फोनमधलं अ‍ॅप बाजूला ठेवून लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये कंपनीचं माय पेज उघडलं. हे फार बरं पडलं, कारण तिथे अख्खं पान भाषांतरित करून वाचता येतं आणि मूळ जपानी दुसऱ्या खिडकीत ठेवता येतं. भाषांतरित पानावर फॉर्म मात्र भरला नाही, बटणं हलतात तिथे. वाचायला एक खिडकी, भरायला दुसरी.

लॉगिनचे सहा आकडे जुन्या फोनवर आले, तेव्हा नंबर जिवंत होता. मेलचा पत्ता बरोबर आहे याची खात्री केली. 暗証番号 मला आठवत नव्हता! निशिकासाईकर, तुमच्यामुळे काल रात्री करारातले जुने कागद उपसले आणि सापडला. तो नसता तर तिसऱ्याच पायरीवर अडकले असते.

मग 再発行. त्याने कारण विचारलं, मी 端末変更, म्हणजे फोन बदलला, ते निवडलं. 手数料, म्हणजे फी, ४४० येन दाखवली. मग EID चा रकाना. नव्या फोनच्या सेटिंगमधून तो ३२ आकडी नंबर बोट दाबून कॉपी केला आणि स्वतःलाच मेल केला, टाइप केला नाही. `*#06#` लावूनही पडताळला. ठीक १०:४० ला अर्ज पाठवला. जुन्या फोनवर १०:४६ ला 圏外 झालं. पोटात गोळा आला, पण तुम्ही सांगितलेलं होतं म्हणून वाट पाहिली. अकरा वाजून पाच मिनिटांनी मेल आला, लॅपटॉपवर कोड उघडला, नव्या फोनच्या सेटिंगमधून ईसिम जोडा, क्यूआर कोड, स्कॅन. मिनिटभरात उतरलं.

दांड्या आल्या. नवऱ्याच्या फोनवर कॉल लावला, लागला. वायफाय बंद करून पाहिलं तर इंटरनेट नाही. यादीत आहे, दांड्या आहेत, कॉल लागतो, म्हणजे APN. वायफाय परत लावून ती 構成プロファイル उतरवली. ती उतरल्यावर आपोआप बसत नाही, सेटिंगमध्ये वरती 'प्रोफाइल उतरली आहे' असं येतं तिथे जाऊन बसवावी लागते. त्यानंतर चालू.

जुनं ईसिम अजून पुसलेलं नाही.

---

निहोंगो_बाई | दुपारी १:३१

शाब्बास! 端末 हा शब्द मी सांगायला विसरले होते, तू बरोबर निवडलास.

---

मीनल_नागोया | दुपारी १:४०

अभिनंदन ताई. आता पाळणाघराच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन तपासा, काही अ‍ॅप फोन बदलला की नंबर परत पडताळतात. लाईन या मेसेजच्या अ‍ॅपचं खातं हलवतानाही त्या नंबरवर एसएमएस येतो.

---

तारायंत्र | दुपारी २:०२

उत्तम. एक राहिलं. फोन पुण्यात घेतलेला आहे, तर सेटिंगमध्ये सामान्य, मग कायदेशीर आणि नियामक इथे जपानचं 技適, गितेकी, म्हणजे रेडिओ मंजुरीचं चिन्ह दिसतंय का बघून ठेवा. आयफोनमध्ये ते सहसा असतं. हे सगळ्यांसाठी लिहितोय, कारण भारतात घेतलेल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ते नसतं. सिम त्यात चालेलही, पण जपानात राहणाऱ्याने असा फोन वापरणं तिथल्या रेडिओ कायद्यात बसत नाही. भारतातून फोन मागवण्याआधी हे बघावं.

---

दादरकर_आजोबा | दुपारी ३:१०

मी `*#06#` लावून पाहिलं. IMEI दोन आले, EID कुठेच नाही.

---

निशिकासाईकर | दुपारी ३:१८

मग आजोबा, तुमच्या फोनमध्ये ईसिमची चिपच नाही बहुधा. IMEI दोन आले म्हणजे सिमचे खण दोन आहेत. सकाळी म्हटलं तसंच करा, मुलीला तिकडचं साधं सिम आणून ठेवायला सांगा.

---

मृद्गंध | संध्याकाळी ६:५५

आता नवऱ्याच्या नंबरचंही हेच करायला घेतलं आणि पहिल्याच पायरीला अडलो. त्याच्या खात्याला मेलचा पत्ता आहे जुन्या ऑफिसचा, तो बंद झालाय. नंबर चालू आहे, 暗証番号 आठवतोय, लॉगिन होतंय. पण कोडचा निरोप त्या बंद मेलवरच जाईल. मेलचा पत्ता बदलायला गेलं तर खात्री करणारी लिंक जुन्याच पत्त्यावर पाठवतो म्हणतंय. 再発行 दाबलेलं नाही, दाबणारही नाही. कुणी यातून गेलंय का?

---

निशिकासाईकर | संध्याकाळी ७:२०

नंबर चालू असतानाच फोन करा, हीच वेळ आहे. चालू नंबरवरूनच फोन आला की त्यांना ओळख पटवायला सोपं जातं, माझ्या वेळी मला बायकोचा फोन वापरावा लागला होता. रेसिडेन्स कार्ड समोर ठेवा, नाव करारात जसं काताकानात आहे तसंच सांगा. माझ्या कंपनीची लाईन रविवारी बंद असायची, तुमची बघून घ्या.

---

निहोंगो_बाई | संध्याकाळी ७:४१

फोनवर हे एक वाक्य म्हणा, पुढचं ते विचारतील: 登録のメールアドレスが使えなくなったので、変更したいです. उच्चार असा: तोरोकु नो मेएरु आदोरेसु गा त्सुकाएनाकु नात्ता नोदे, हेन्को शिताइ देसु. नोंदवलेला मेल बंद झालाय, बदलायचा आहे, एवढंच. 再発行 हा शब्द त्या फोनवर काढूच नका, नाहीतर ते मदत म्हणून तिकडूनच करून टाकतील.

---

मृद्गंध | रात्री ८:०५

लिहून घेतलं, नवऱ्याकडून दहा वेळा म्हणून घेतेय. आमच्या कंपनीची लाईनही सोमवारी सकाळी दहाला उघडते. तोवर त्याचा नंबर जुन्याच फोनवर.